धीर द्यावा, खोडीही काढावी : मेसेजचा कीस काढणाऱ्या माणसाशी चॅट कसे करावे

माझा नवरा नवरा होण्याआधी, म्हणजे तो पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता आणि मी नाशिकच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरीला लागले होते त्या काळात, माझ्या एका मेसेजवर रात्रभर जागला होता. मेसेज होता, ‘ठीक आहे.’ त्याने विचारले होते की या शनिवारी येण्याऐवजी पुढच्या शनिवारी आलो तर चालेल का, आणि मला खरोखरच चालणार होते. मी पाळी बदलताना, लॉकरपाशी उभी राहून, एका हाताने ते दोन शब्द टाईप केले आणि सवयीने पूर्णविराम दिला. त्याने त्या पूर्णविरामातून माझा राग, माझी निराशा आणि पहाटे तीनपर्यंत आमच्या नात्याचा शेवटही वाचून काढला.

अशा माणसावर तुमचे प्रेम असेल किंवा असे कोणी नुकतेच आवडू लागले असेल, तर दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. त्या व्यक्तीला निर्धास्त ठेवायचे आणि चॅटमधली गोडी, चेष्टा, लाडीगोडीही टिकवायची. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, कारण फ्लर्ट करण्यात थोडी संदिग्धता असतेच आणि काळजी करणाऱ्याला नेमकी संदिग्धताच सोसत नाही. पुढच्या पायऱ्या मी चुका करत शिकलेल्या आहेत.

पहिली पायरी : ती व्यक्ती नेमके काय वाचते ते ओळखा

अतिविचार करणारा माणूस शब्द वाचतो त्याहून अधिक बदल वाचतो. काल तीन ओळी आल्या आणि आज एक आली, काल बदाम होता आणि आज नाही, काल ‘अरे ऐक ना’ होते आणि आज नुसते ‘ऐक’, असा त्याचा हिशेब चालतो. म्हणून ‘मी तर साधेच लिहिले होते’ या बचावाला काही अर्थ उरत नाही. तुमचे साधे तुमच्याच कालच्या मेसेजशी ताडून पाहिले जात असते.

आपला सूर समोर पोहोचला असेल असे सगळ्यांनाच वाटते, आणि इथेच आपण फसतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी सहकाऱ्यांसह 2005 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला सांगितली होती. आपला रोख सुमारे 78 टक्के वेळा ओळखला जाईल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाज ऐकणाऱ्यांनी तो जवळपास तितक्याच वेळा ओळखला, पण ईमेल वाचणाऱ्यांनी मात्र सुमारे 56 टक्केच वेळा, म्हणजे नाणे उडवून ठरवल्यापेक्षा थोडेसेच बरे. लिहिताना आपला आवाज आपल्या कानात असतो आणि वाचणाऱ्याकडे फक्त अक्षरे जातात, हे एवढे लक्षात ठेवले तरी ‘तुला साधी चेष्टाही कळत नाही का’ असे म्हणणे आपोआप कमी होते.

जोडीदाराला शांत वेळी, शक्यतो प्रत्यक्ष भेटीत, सरळ विचारावे : ‘माझ्या कोणत्या मेसेजने तुला सगळ्यात जास्त घोर लागतो?’ भांडण चालू असताना हा प्रश्न विचारू नये, कारण तेव्हा तो उलटतपासणीसारखा ऐकू येतो. आमच्या बाबतीत तीन उत्तरे मिळाली : शब्दानंतरचा पूर्णविराम, ‘बघू’ हा शब्द, आणि ब्लू टिक दिसून पुढे काहीच न येणे. तीनच गोष्टी निघाल्या याचेच मला बरे वाटले, कारण मला वाटत होते की त्याला सगळ्याचाच त्रास होतो.

जी व्यक्ती अजून फक्त आवडते आहे, तिला असे विचारता येत नाही. तिथे निरीक्षणावर भागवावे लागते. पाठवलेले मेसेज पुसणे, चेष्टेनंतर लगेच ‘म्हणजे तसं नाही हं, गंमत केली’ असा खुलासा करणे, लांब मेसेज लिहिल्याबद्दल माफी मागणे, या खुणा वरचेवर दिसल्या तर समोरचा माणूस प्रत्येक ओळ तोलून लिहितो आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरी पायरी : पटकन उत्तर देण्यापेक्षा अंदाज देणे

नवशिक्यांना वाटते की काळजी करणाऱ्याला दर मिनिटाला उत्तर द्यावे लागते. मीही सुरुवातीला तसेच केले. सुट्टीच्या दिवशी लगेच उत्तरे आणि ड्यूटीच्या दिवशी सहा तास शुकशुकाट, असा आमचा क्रम झाला. त्याने त्याची काळजी वाढली, कारण कधी एका मिनिटात आणि कधी सहा तासांनी, तेही कारण न कळता, उत्तर येत असेल तर माणूस सतत फोन उचलून पाहत राहतो. आता येईल, आता येईल, ही आशाच त्याला सोडत नाही.

उपाय साधा आहे. गप्प होण्याआधी सांगावे. अशा मेसेजमध्ये तीन गोष्टी असाव्यात : कुठे जातेय, साधारण किती वेळ, आणि परत कधी बोलणार. त्यात एक चिमूटभर गोडी घातली की धीर आणि फ्लर्ट दोन्ही एकाच ओळीत होतात. मी लिहू लागले ते असे :

‘आता वॉर्डात चाललेय, फोन लॉकरमध्ये. तीनपर्यंत चहा घेताना मेसेज करते. सकाळचा तुझा विस्कटलेल्या केसांचा फोटो मात्र डोक्यात घेऊन जातेय, पेशंटला चुकून तुझ्या नावाने हाक मारली तर जबाबदारी तुझी.’

माझी पाळी दोनला संपायची, तरी मी तीन सांगत असे. पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती देण्यात वेळ जातो हे ठाऊक होते, आणि वेळेआधी आलेला मेसेज आनंद देतो. वेळ चुकलीच, तर पुढचा मेसेज सबबीने सुरू करू नये. ‘तीन म्हटलं होतं, साडेचार झाले, तू वाट पाहिली असशील’ एवढे आधी म्हणावे आणि कारण मग सांगावे.

ब्लू टिकचे काय करावे? व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ती बंद करता येते, पण मग तुम्हालाही समोरच्याच्या टिका दिसत नाहीत. दोघांनी बोलून बंद केल्या तर काहींना त्याने खरेच हलके वाटते. मात्र एके दिवशी न सांगता बंद केल्या, तर तो बदलही वाचला जातो आणि त्याचा अर्थ नेहमी वाईटच लागतो. मेसेज वाचला आहे पण लिहायला सवड नाही, अशा वेळी ‘वाचलं, छान उत्तर सुचतंय, रात्री देते’ एवढी अर्धी ओळ सेटिंगपेक्षा जास्त काम करते.

तिसरी पायरी : मराठीतली छोटी अक्षरे वापरा

आपल्या भाषेत सूर पोहोचवायची सोय इमोजीच्या कितीतरी आधीपासून आहे. ‘येते’, ‘येते रे’, ‘येते हं’ आणि ‘येतेय ना’ या चारांत माहिती एकच आहे, पण पहिला मेसेज नोटीस बोर्डावर लावता येईल असा आहे आणि दुसऱ्यात जवळीक आहे. अरे, अगं, रे, गं, ना, हं, बरं का ही अक्षरे बोलताना आपण न विचारता वापरतो आणि टाईप करताना कंटाळा करून गाळतो. घाईत असाल तर इमोजी गाळा, पण ‘रे’ किंवा ‘गं’ गाळू नका.

उलट काही शब्द मराठी कानाला आधीपासूनच संशयास्पद असतात. ‘बघू’ हा त्यांचा राजा. लहानपणी आईने ‘बघू’ म्हटले की सहल रद्द झाली हे आपल्याला कळत असे, आणि तोच कान घेऊन माणूस प्रेमात पडतो. म्हणून काय बघायचे आहे आणि आपला कल कुठे आहे ते लिहावे : ‘यायचं तर आहेच रे, फक्त रविवारची ड्यूटी लागते का ते शुक्रवारी कळेल.’ ‘ठीक आहे’च्या मागे एक कारण जोडावे : ‘चालेल रे, पुढच्या शनिवारी मला सुट्टीच आहे, उलट बरं.’ हे दुसरे वाक्य त्या रात्री लिहिले असते तर एक माणूस झोपला असता.

‘आपल्याला बोलायचंय’ हा मेसेज विषयाशिवाय कधीही पाठवू नये. ‘रात्री बोलूया ना, दिवाळीच्या तिकिटांचं ठरवायचंय’ असे लिहिले की बोलणे तेच राहते आणि मधले सहा तास वाचतात. विषय खरोखरच गंभीर असेल, तर आधी सूचना देण्यापेक्षा थेट फोन करावा. ‘काही नाही’ आणि ‘जाऊ दे’ हेही त्याच जातीचे शब्द आहेत, कारण मराठीत ते नेमके काहीतरी असल्यावरच वापरले जातात.

एक बारीक बाब. टायपिंगची चूक झाली म्हणून मेसेज सर्वांसाठी पुसू नये. पुसल्याची खूण चॅटमध्ये राहते आणि त्या रिकाम्या जागेत काळजी करणारा माणूस स्वतःच्या भीतीचे वाक्य लिहितो. चूक तशीच राहू द्यावी किंवा पंधरा मिनिटांच्या आत मेसेज एडिट करावा.

चौथी पायरी : खोडी कशी काढावी

इथे भाषेचीच एक अडचण आहे. फ्लर्ट करणे याला मराठीत सुटसुटीत शब्द नाही, आणि जो जवळचा वाटतो तो ‘छेड काढणे’ थेट पोलीस तक्रारीत जातो. म्हणून मी खोडी म्हणते.

2011 साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एरिन व्हिटचर्च आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात विद्यार्थिनींना काही तरुणांच्या फेसबुक प्रोफाइल दाखवल्या गेल्या. आपण त्या तरुणांना खूप आवडलो असे ज्यांना सांगितले गेले, त्यांच्यापेक्षा, आवडलो की नाही हे ज्यांना कळू दिले नाही त्यांना ते तरुण जास्त आकर्षक वाटले. ‘थोडे टांगते ठेवा’ असा सल्ला देणाऱ्यांच्या हातात हे कोलीतच मिळते. पण त्याच प्रयोगात त्या विद्यार्थिनींच्या मनात त्या तरुणांचे विचारही जास्त घोळले होते. अनोळखी व्यक्तीच्या बाबतीत त्याला ओढ म्हणता येईल, पण ज्याच्या मनात विचार आधीच रात्रभर घोळतात त्याच्यासाठी तीच शिक्षा होते.

यातून मी माझ्यापुरता नियम काढला. गूढ ‘केव्हा’, ‘कुठे’ आणि ‘काय’ याबद्दल ठेवावे, ‘आहे की नाही’ याबद्दल कधीच ठेवू नये. उदाहरणार्थ, मी एकदा लिहिले, ‘आज मैत्रिणीला तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली. कोणती ते भेटल्यावर.’ मला ते खट्याळ वाटले होते आणि त्याचे तीन दिवस वाया गेले. तोच मेसेज असा लिहिता आला असता : ‘आज मैत्रिणीला तुझी एक गोष्ट सांगितली, ऐकून ती मला म्हणाली लकी आहेस. कोणती ते शनिवारी, चहा पाजलास तर.’ गोष्ट चांगली आहे हे कळले, कोणती ते कळले नाही, आणि कधी कळेल तेही ठरले. उत्सुकता उरते, पण भीतीला जागा मिळत नाही.

दुसरे म्हणजे कौतुक पुराव्यानिशी करावे. ‘तू खूप छान आहेस’ या वाक्यावर काळजी करणारा विश्वास ठेवत नाही, कारण ते कोणालाही म्हणता येते. ‘काल फोनवर तुझ्या गावच्या एसटीची गोष्ट सांगताना तू स्वतःच मध्ये हसत सुटलास ना, ते हसू आज औषधं वाटताना दोनदा आठवलं आणि मावशींनी विचारलं की सिस्टर एकट्याच का हसताय’ हे वाक्य फक्त त्याच्यासाठीच असू शकते. यात आणखी एक फायदा आहे. त्याला पुन्हा शंका आली की तो वर जाऊन हेच वाक्य वाचतो.

जळवण्याची चेष्टा, म्हणजे ‘आज एक नवीन डॉक्टर आलेत, फारच देखणे’ वगैरे, पहिल्या वर्षात तरी अजिबात करू नये. ‘अहो’, ‘साहेब’ किंवा पूर्ण नावाने हाक मारणेही सुरुवातीला दुरावा वाटते. नाते रुळल्यावर मात्र ‘अहो’सारखी गोड खोडी नाही.

त्याच्या अतिविचारावरच चेष्टा करावी का? त्याने आधी स्वतःवर केली, तरच करावी. आमच्याकडे तो एकदा म्हणाला की तुझ्या मेसेजपेक्षा परीक्षेची प्रश्नपत्रिका सोपी असते. मग मी पाठवू लागले :

‘या मेसेजचा अर्थ काय? अ) तिला तुझी आठवण येतेय. ब) तिला तुझी खूपच आठवण येतेय. क) तिला झोप येत नाहीये आणि कारण तू आहेस. ड) वरील सर्व. चुकल्यास गुण वजा.’

अर्थ लावण्याची त्याची सवय तशीच राहिली, पण यात प्रत्येक पर्याय गोडच असल्याने ती निदान खेळात तरी रमली.

नुकत्याच आवडलेल्या व्यक्तीबरोबर खोडीची मात्रा कमी ठेवावी आणि नकाराला सोपी वाट द्यावी, कारण काळजी करणारी माणसे समोरच्याला वाईट वाटेल म्हणूनही ‘हो’ म्हणतात. ‘शनिवारी कॉफी? नको असेल तर नुसतं नको म्हण, मी अजिबात रुसणार नाही’ असे लिहावे आणि नकार आला तर खरोखरच रुसू नये. दोन खोडकर मेसेजना लागोपाठ कोरडे उत्तर आले, तर तिसरा पाठवू नये. ते कोरडेपण काळजीतून आलेले असो किंवा नावडीतून, दोन्हीचा उपाय थांबणे हाच आहे.

पाचवी पायरी : रात्री अकरा चाळीसचा मेसेज

कितीही सांभाळले तरी हा मेसेज येतोच : ‘तू माझ्यावर रागावलीयस का?’ मी पहिल्यांदा उत्तर दिले होते, ‘नाही रे बाबा, कितीदा विचारशील.’ पहिल्या दोन शब्दांनी जे दिले ते शेवटच्या दोन शब्दांनी काढून घेतले, आणि त्या रात्री त्याने आणखी चार वेळा विचारले. पुढे मी क्रम बसवला. आधी थेट उत्तर, मग जो बदल त्याला दिसला असेल त्याचे खरे कारण, मग पुढचे बोलणे केव्हा, आणि शेवटी गोड काहीतरी :

‘नाही, अजिबात रागावले नाहीये. आज दोन ॲडमिशन एकदम आले, म्हणून उत्तरं तुटक गेली असतील. आता डोळे मिटतायत, सकाळी सातला फोन करते. तोवर तुझ्या खांद्यावर डोकं ठेवलंय असं समज आणि हलू नकोस.’

आणि इथे थांबावे. त्याने पुन्हा विचारले, ‘नक्की ना?’, तर नवे पुरावे देत बसू नये. ‘वरचं सगळं खरं आहे रे’ एवढे म्हणावे आणि हवे तर पाच मिनिटे फोन करावा, कारण आवाजात जे पोहोचते ते दहा मेसेजमध्ये पोहोचत नाही. तिसऱ्यांदा त्याच प्रश्नाचे उत्तर देऊ नये, ‘सात वाजता’ म्हणून झोपावे. हे निष्ठुर वाटते, पण त्यामागे कारण आहे. जेम्स कॉयन यांनी 1976 साली नैराश्यातल्या माणसांबद्दल मांडले होते की वारंवार मागितलेल्या आश्वासनावर मागणाऱ्याचा विश्वास बसत नाही, म्हणून तो पुन्हा मागतो, आणि देणारा हळूहळू थकून खरोखरच दूर जाऊ लागतो. घरच्या चॅटमध्येही हे चक्र मी पाहिले आहे. पाचवे उत्तर देताना माझा आवाज खरेच वैतागलेला असे, आणि मग त्याची शंका खरी ठरे.

सात वाजता फोन मात्र झालाच पाहिजे. ही पायरी त्यावरच उभी आहे.

जिथे हे लागू होत नाही

एक प्रश्न आधी स्वतःला विचारावा : समोरच्याची शंका चुकीची आहे ना? तुमचे मन खरोखरच उडाले असेल, तर तो अतिविचार करत नाही, तो बरोबर वाचतो आहे. अशा वेळी दिलेला धीर ही फसवणूक असते. ‘मला अजून खात्री नाही, पण शनिवारी भेटायला आवडेल’ हे खरे वाक्य खोट्या बदामापेक्षा त्याला लवकर शांत करते.

फोनचा पासवर्ड, चोवीस तास लोकेशन, मित्रांबरोबरच्या चॅटचे स्क्रीनशॉट अशा मागण्या येऊ लागल्या, तर ती काळजी उरत नाही, ते नियंत्रण असते, आणि तिथे गोड मेसेजने काही होत नाही. स्पष्ट नाही म्हणावे. काळजीमुळे झोप, जेवण, अभ्यास किंवा नोकरी आठवडेच्या आठवडे बिघडत असेल, तर समुपदेशकाकडे जायला सुचवावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर ते गुपित ठेवू नये, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि तिच्या जवळच्या कोणाला तरी लगेच कळवावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो.

शेवटची पायरी : कुबड्या हळूहळू काढा

साधारण तीन-चार महिने ठरलेल्या वेळा पाळल्या गेल्या की त्या सैल कराव्यात, पण आधी सांगून. आम्ही दुपारच्या चहाचा मेसेज आधी एक दिवसाआड केला आणि मग फक्त पाळी सुरू होताना आणि संपताना असे ठेवले. जमते आहे की नाही हे ओळखायची माझी खूण होती ती म्हणजे परत आल्यावर मिळणारा त्याचा पहिला मेसेज. सुरुवातीला तो ‘सगळं ठीक ना?’ असा असे. पुढे पुढे तो ‘आज डब्यात काय होतं?’ असा येऊ लागला, आणि मग एके दुपारी मी फोन उघडला तर त्यात काहीच नव्हते, कारण साहेब अभ्यासिकेत टेबलावर डोके ठेवून झोपले होते.